बारा तासांच्या ड्युटीतून मतदानासाठी मागितलेले दोन तास

मी एका खासगी रुग्णालयाच्या डायलिसिस विभागात टेक्निशियन म्हणून काम करते. राज्यातील २९ महानगरपालिकांसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. त्या दिवशी मतदानाला जाण्यासाठी मला कामातून दोन तास मोकळे हवे होते आणि ते मिळवण्यासाठी जे करावे लागले त्याची ही हकीकत आहे. दुसऱ्या कोणाची अडचण अशीच असेल, तर मी केलेल्या चुका त्याला टाळता याव्यात, या हेतूने सगळे तपशीलवार लिहीत आहे.

आधी आमच्या विभागाची स्थिती सांगितली पाहिजे, कारण मागणी करताना खरा प्रश्न तिथेच होता. आमच्याकडे आठ मशीन आहेत आणि दिवसाला रुग्णांच्या तीन बॅच होतात. एका रुग्णाचे डायलिसिस साधारण चार तास चालते. रुग्ण आठवड्यातून तीनदा ठरलेल्या दिवशी येतात. काहींचा सोमवार, बुधवार, शुक्रवार असतो, तर काहींचा मंगळवार, गुरुवार, शनिवार. १५ जानेवारीला गुरुवार होता. मतदानाची सार्वजनिक सुट्टी असली तरी गुरुवारच्या रुग्णांना शुक्रवारी या असे सांगता येत नाही, कारण शुक्रवारच्या तिन्ही बॅच आधीच भरलेल्या असतात, आणि अंगात पाणी व पोटॅशियम साठत जाणाऱ्या रुग्णाला एक दिवस जास्त थांबवणे धोक्याचे ठरू शकते. म्हणजे त्या दिवशी विभाग नेहमीसारखाच पूर्ण चालणार, हे गृहीत धरूनच विचार करायचा होता.

आम्ही एकूण पाच टेक्निशियन. त्यांतील एक जण प्रसूतीच्या रजेवर होती आणि तिच्या जागी कोणाला घेतलेले नव्हते. उरलेल्या चौघांत काम भागवण्यासाठी डिसेंबरपासून आमच्या ड्युट्या लांबवल्या होत्या. गुरुवारच्या ड्युटी लिस्टमध्ये एकाची साप्ताहिक सुट्टी होती, एक ज्येष्ठ सहकारी दादा सकाळी ६ ते दुपारी २, दुसरी सहकारी ताई सकाळी ९ ते रात्री ९, आणि मी सकाळी ६ ते संध्याकाळी ६ अशी मांडणी होती. मतदानाची वेळ सकाळी ७.३० ते संध्याकाळी ५.३० होती. हे दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले तेव्हा लक्षात आले की दादांना दुपारी दोननंतर मतदान करता येईल, ताईला कामावर येण्याआधी करता येईल, पण माझी ड्युटी मतदानाच्या वेळेच्या आधी सुरू होऊन ती वेळ संपल्यानंतर सुटते, त्यामुळे मला सोडले नाही तर मतदान होणारच नाही. पुढे सर्वांत जास्त उपयोगी पडले ते हेच निरीक्षण. ‘मला मतदानाला जायचे आहे’ या वाक्यावर दहा जणांना दहा उत्तरे सुचतात. ‘चौघांपैकी फक्त माझ्याच ड्युटीत मतदानाची सगळी वेळ बुडते’ या वाक्यावर पुढच्या माणसाला ड्युटी लिस्ट उघडून पाहावीच लागते.

माझी पहिली चूक उशिराची होती. निवडणुकीचा कार्यक्रम राज्य निवडणूक आयोगाने १५ डिसेंबरलाच जाहीर केला होता आणि जानेवारीची ड्युटी लिस्ट आमच्याकडे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तयार होते. त्या आठवड्यात मी तोंड उघडले असते, तर माझी आणि दादांची ड्युटी आपसांत बदलून प्रश्न तिथेच सुटला असता. मी मात्र लिस्ट लागल्यानंतर, ५ जानेवारीला, इनचार्ज सिस्टरांकडे गेले. एकदा लिस्ट लागली की तिच्यातील प्रत्येक बदल हा दुसऱ्या कोणाच्या ठरलेल्या वेळेला हात लावणे असतो, आणि त्या बदलाचे ओझे मागणाऱ्यावर येते.

दुसरी चूक विचारण्याच्या पद्धतीत झाली. पहिल्या बॅचचे रुग्ण लावून झाल्यावर मी सिस्टरांना विचारले, “सिस्टर, पंधरा तारखेला मतदानाला थोडा वेळ सोडाल का?” त्यांनी नोंदवहीतून मान वर न काढता सांगितले, “बघू गं. त्या दिवशी काम हलके असेल तर जाऊन ये.” त्यांच्या मनात नकार नव्हता, आणि मीही ते उत्तर होकार म्हणूनच घेतले. घरी आल्यावर मात्र मला त्यातील पोकळपणा जाणवला. ‘थोडा वेळ’ म्हणजे किती, ते मी सांगितले नव्हते. ‘काम हलके’ म्हणजे काय, ते त्यांनी सांगितले नव्हते. आठही मशीन चालू असलेल्या विभागात काम हलके कधीच नसते, आणि ऐन वेळी त्या म्हणाल्या असत्या की आज जमत नाही, तर त्यांनी दिलेला शब्द मोडला असेही म्हणता आले नसते. त्या दिवशी सिस्टरांची दुसऱ्या मजल्यावर बदलीची ड्युटी लागली असती, तर त्यांच्या जागी आलेल्या व्यक्तीला या बोलण्याची कल्पनाही नसती. म्हणून अर्ज लिहायचे ठरवले.

अर्ज लिहिण्याआधी मी एका कागदावर आमच्या दिवसाचा आलेख काढला. कोणत्या तासाला किती हात लागतात, हे रोज करत असूनही मी कधी कागदावर मांडले नव्हते. पहिली बॅच साडेसहापासून लावायला घेतली की आठ रुग्ण एकामागोमाग लागेपर्यंत सव्वासात होतात. त्यानंतर साडेदहापर्यंत दर अर्ध्या तासाने बीपी पाहणे, मशीनचे प्रेशर पाहणे, कोणाला गोळे आले किंवा गरगरले तर धावणे, एवढे काम असते; ते महत्त्वाचे असते, पण दोघांना जमण्यासारखे असते. खरी धांदल साडेदहा ते बारा या वेळेत उडते. रुग्ण काढायचे, सुया काढून जागा दाबून धरायची, मशीन निर्जंतुकीकरणाला लावायचे, रक्त गाळणारे नवे डायलायझर आणि नळ्या सलाईनने भरून तयार करायच्या आणि दुसरी बॅच लावायची. या दीड तासात तिसरा माणूस नसेल तर फार ओढाताण होते. बारानंतर पुन्हा सव्वातीनपर्यंत शांतता असते आणि तिथून साडेचार-पावणेपाचपर्यंत परत तीच धांदल.

आता या आलेखावर माणसे मांडली. सकाळी ९ ते १०.३० आणि दुपारी १२ ते २ या दोनच वेळा अशा होत्या की काम शांत आहे आणि विभागात आम्ही तिघेही हजर आहोत. तोवर माझ्या मनात होते की सकाळी साडेसातला केंद्र उघडताच गर्दी नसते, तेव्हा पटकन जाऊन यावे. पण नऊपर्यंत विभागात दादा आणि मी असे दोघेच असतो, म्हणजे मी गेले की आठ रुग्णांमागे एकच टेक्निशियन उरतो. ते मागणे मी इनचार्ज असते तर मलाही मान्य झाले नसते. नऊ ते साडेदहा ही वेळ सोयीची दिसत होती, पण तिच्या पाठोपाठ दिवसातील सर्वांत मोठी धांदल होती; रांगेत अर्धा तास जास्त गेला असता तर पहिली बॅच काढायला माणूस कमी पडला असता. बारा ते दोनच्या पाठीमागे मात्र सव्वातीनपर्यंतची शांत वेळ होती. अडचण एवढीच की दादा दोन वाजता जाणार होते आणि मला उशीर झाला तर ताई एकटी पडणार होती. मी दादांना विचारले. त्यांचे मतदान केंद्र त्यांच्या घराजवळच होते, आणि केंद्र साडेपाचपर्यंत उघडे राहणार असल्यामुळे, लागलेच तर अडीचपर्यंत थांबायला ते तयार झाले. बदल्यात शनिवारी सकाळी त्यांच्याऐवजी मी अर्धा तास लवकर येऊन मशीन तयार करावीत, असे ठरले. हे बोलणे आम्ही सिस्टरांसमोर पुन्हा एकदा केले, कारण ज्याच्या भरवशावर आपण जाणार त्याचा होकार वरिष्ठांनी स्वतःच्या कानांनी ऐकलेला बरा.

वेळेचा हिशेबही आधी करून पाहिला. माझे मतदान केंद्र रुग्णालयापासून नऊ किलोमीटरवर आहे आणि दुचाकीने पंचवीस मिनिटे लागतात. जाऊन-येऊन पन्नास मिनिटे, वाहन केंद्रापासून बरेच अलीकडे लावावे लागते म्हणून चालण्याची दहा मिनिटे, आणि रांगेसाठी चाळीस मिनिटे असे धरले तर एक तास चाळीस मिनिटे होतात. वर वीस मिनिटे राखीव ठेवली. म्हणून अर्जात ‘थोडा वेळ’ न लिहिता ‘दुपारी १२ ते २’ असे लिहिले.

अर्जाच्या पहिल्या मसुद्यात मी एक चूक केली होती, आणि ती अनेक जण करतात असे मला नंतर आढळले, म्हणून ती जरा सविस्तर सांगते. मतदानासाठी पगारी सुट्टी देणे बंधनकारक आहे, हे मला ऐकून माहीत होते, आणि शोधल्यावर लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मधील कलम १३५ब सापडले. मी ते मोठ्या विश्वासाने अर्जात घातले. अर्ज एचआर विभागात गेल्यावर तेथील अधिकाऱ्यांनी मला बोलावून घेतले आणि कलमाचा मजकूर समोर ठेवला. त्यात लोकसभा आणि विधानसभा या दोनच निवडणुकांचा उल्लेख आहे. ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, ही महानगरपालिकेची निवडणूक आहे. हे कलम इथे लागत नाही. शिवाय आपण अत्यावश्यक सेवा, त्यामुळे आपल्याला सुट्टीही लागू नाही.” त्यांच्या बोलण्याचा पहिला भाग बरोबर होता. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेत नाही. त्या राज्य निवडणूक आयोग घेतो आणि त्यांचे कायदेही वेगळे आहेत. मला त्या क्षणी काही उत्तर देता आले नाही आणि मी अर्ज परत घेऊन आले.

त्यांच्या बोलण्याचा दुसरा भाग मात्र बरोबर नव्हता, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. अशा निवडणुकांच्या वेळी राज्य शासनाच्या कामगार विभागाकडून खासगी आस्थापनांसाठी वेगळी सूचना निघते आणि स्थानिक निवडणुकीत कर्मचाऱ्याच्या मागणीला आधार असतो तो त्या सूचनेचा. तिचा आशय असा असतो की मतदारसंघातील मतदार असलेल्या कर्मचाऱ्यांना मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी द्यावी. ज्या आस्थापनांत पूर्ण दिवस सुट्टी दिल्याने धोका किंवा मोठे नुकसान होऊ शकते, त्यांनी सुट्टीऐवजी दोन ते तीन तासांची सवलत द्यावी. आणि अशी केवळ सवलत देण्यासाठी आस्थापनेने निवडणूक यंत्रणेच्या संबंधित अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावी. म्हणजे अत्यावश्यक सेवा म्हटल्याने मतदानाची जबाबदारी संपत नाही. पूर्ण दिवसाच्या जागी काही तास येतात, इतकाच फरक पडतो. रुग्णालयासारख्या ठिकाणी पूर्ण सुट्टी मागणे मला स्वतःलाही पटले नसते, कारण माझ्या गैरहजेरीची किंमत रुग्ण मोजणार होते. परंतु ते काही तास मात्र कोणाच्या मर्जीवर सोडलेले नाहीत, हे समजल्यावर माझ्या मागणीतील संकोच गेला.

दुसरा अर्ज मी ८ जानेवारीला दिला. त्याचा मजकूर मी जवळजवळ जसाच्या तसा देते, कारण त्यातील प्रत्येक वाक्य कोणत्या तरी संभाव्य प्रश्नाचे उत्तर होते.

“माझे नाव महानगरपालिकेच्या मतदार यादीत असून गुरुवार, दि. १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान आहे. त्या दिवशी माझी ड्युटी सकाळी ६ ते संध्याकाळी ६ अशी असल्यामुळे मतदानाची संपूर्ण वेळ (सकाळी ७.३० ते संध्याकाळी ५.३०) ड्युटीतच येते. रुग्णसेवेची गरज लक्षात घेऊन मी पूर्ण दिवसाची सुट्टी मागत नाही. शासनाच्या कामगार विभागाच्या सूचनेनुसार मिळणारी सवलत म्हणून दुपारी १२ ते २ या वेळेत मला मतदानासाठी सोडावे, ही विनंती. या वेळेत दुसरी बॅच लागलेली असेल आणि विभागात दोन टेक्निशियन हजर असतील. त्यांची संमती घेतली आहे. ही वेळ रजेत न धरता सवलत म्हणून नोंदवावी आणि मंजुरी लेखी कळवावी.”

सूचनेची प्रत सोबत जोडली. दोन प्रती काढून एका प्रतीवर पोच घेतली आणि तोच मजकूर ईमेलनेही पाठवला. कलमांची यादी, हक्कांची भाषा, तक्रारीचा इशारा यांपैकी काहीही त्यात ठेवले नाही. सवलत न दिल्याबद्दल तक्रार आल्यास आस्थापनेवर कारवाई होऊ शकते, असे सूचनेत म्हटलेले असते, हे मला ठाऊक होते. पण ज्या माणसांबरोबर रोज बारा तास काम करायचे त्यांच्याशी पहिल्याच अर्जात त्या भाषेत बोलणे मला योग्य वाटले नाही, आणि जोडलेली प्रत वाचणाऱ्याला ते वाक्य दिसणारच होते.

दोन दिवस काही कळले नाही. तिसऱ्या दिवशी एचआरच्या साहेबांनी पुन्हा बोलावले. त्यांनी सूचना वाचली होती. त्यांचा पहिला प्रस्ताव असा होता की माझी त्या दिवशी हाफ डे रजा लावावी, म्हणजे दुपारी १२ नंतर मी मोकळी. ऐकायला हे उदार वाटते, पण त्यातून दोन नुकसाने होत होती. माझ्या शिल्लक रजेतून अर्धा दिवस गेला असता, आणि सव्वातीन ते सहा या वेळेत तिसरी बॅच लावायला माणूस कमी पडला असता. मी त्यांना सांगितले, “सर, मला अर्धा दिवस नको आहे. दोन तासांत परत येते. तुम्ही हाफ डे लावलात तर चार वाजता ताई एकटी आठ मशीन कशी लावेल?” त्यांनी सिस्टरांना फोन लावला. सिस्टरांनी माझ्या आलेखाचा कागद त्यांना वाचून दाखवला आणि हाफ डेपेक्षा दोन तासच विभागाला परवडतील, असे स्पष्ट सांगितले. रजेचा विषय तिथे संपला. मी पूर्वपरवानगीचाही विषय काढला. त्यांनी ते टिपून घेतले, कारण तो प्रश्न माझ्या एकटीचा नव्हता, रुग्णालयातील सगळ्याच ड्युटीवरच्या लोकांचा होता.

१२ जानेवारीला लेखी मंजुरी आली: दुपारी १२ ते २, मतदान सवलत, पगारी. त्याच दिवशी रुग्णालयाने सर्व विभागप्रमुखांना आपापल्या विभागातील लोकांच्या वेळा ठरवून कळवायला सांगितले. एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. सफाई आणि सुरक्षेची माणसे कंत्राटदाराची आहेत, म्हणून ती या यादीत आली नाहीत. ‘त्यांचे त्यांचा कंत्राटदार बघेल’ असे उत्तर मिळाले. आमच्या मजल्यावरच्या मावशींची ड्युटी तीनला सुटत होती म्हणून त्यांचे मतदान झाले. त्यांची ड्युटी माझ्यासारखी असती, तर अर्ज नेमका कोणाच्या टेबलावर ठेवायचा हे त्यांना कोणी सांगितले नसते.

मंजुरी हातात आल्यावर दोन कामे उरली होती. पहिले म्हणजे मतदान केंद्राची खात्री. महानगरपालिकेसाठी विधानसभेचीच मतदार यादी वापरतात, पण ती प्रभागांप्रमाणे फोडलेली असते, त्यामुळे यादीतील अनुक्रमांक बदलतो आणि केंद्रही बदलू शकते. माझे केंद्र खरोखरच बदललेले निघाले. विधानसभेला ज्या शाळेत गेले होते तिथून ते एक किलोमीटर पुढच्या दुसऱ्या शाळेत गेले होते. जुन्या शाळेत जाऊन तिथे चौकशी करण्यात माझी राखीव वीस मिनिटे संपली असती. केंद्राचे नाव, खोली क्रमांक आणि यादीतील अनुक्रमांक मी एका चिठ्ठीवर लिहून ओळखपत्राच्या मागे ठेवले. दुसरे काम फोनचे होते. मतदान केंद्रात मोबाइल नेता येत नाही. डायलिसिसच्या ड्युटीवर असताना अर्धा-पाऊण तास फोन न लागणे ही साधी गोष्ट नाही, म्हणून ताईला आणि सिस्टरांना आधीच सांगून ठेवले की साडेबारा ते सव्वा या वेळेत मला फोन करू नका, अडचण आली तर थेट ड्युटीवरच्या डॉक्टरांना बोलवा.

गुरुवारी सकाळी सगळे वेळेवर चालले होते. पावणेअकराला पहिल्या बॅचमधील एका काकांच्या फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी हातात जोडून तयार केलेल्या रक्तवाहिनीच्या, सुया काढल्यावर रक्त थांबेना. एरवी दहा मिनिटे दाबून धरले की जागा कोरडी पडते. त्यांना अर्धा तास लागला. मी त्यांच्या हातावर गॉझ दाबून बसले होते आणि काका स्वतःच म्हणत होते, “ताई, तुम्हाला मतदानाला जायचंय ना, उशीर होतोय तुम्हाला.” सकाळी केंद्र उघडताच जाता येणार नाही म्हणून ते स्वतः घरी जाताना मतदान करणार होते. डॉक्टरांनी येऊन पाहिले, मग पट्टी बांधली. त्यांचे मशीन उशिरा मोकळे झाले, दुसऱ्या बॅचचा शेवटचा रुग्ण बारा वाजून पंधरा मिनिटांनी लागला, आणि पहिली बीपीची नोंद करून मी बारा पंचवीसला निघाले. निघताना नोंदवहीत वेळ लिहिली आणि माझ्या चार रुग्णांची माहिती दादांना तोंडी आणि कागदावर दिली: कोणाचे बीपी खाली जाण्याची सवय आहे, कोणाचे किती पाणी काढायचे ठरले आहे, पुढची नोंद किती वाजता घ्यायची.

केंद्रावर बारा पंचावन्नला पोचले. फोन दुचाकीच्या डिकीत ठेवला. माझ्या खोलीसमोर बायकांची बारा-तेरा जणींची रांग होती, आणि ती वाटली त्यापेक्षा सावकाश सरकत होती. कारण आत गेल्यावर समजले. आमच्या प्रभागात चार जागा असल्यामुळे प्रत्येक मतदाराला चार मते द्यायची होती आणि चारही जागांची बटणे दाबल्याशिवाय बझर वाजत नव्हता. माझ्या पुढच्या आजी एक बटण दाबून बाहेर येऊ लागल्या, तेव्हा अधिकाऱ्यांनी त्यांना थांबवून सांगितले की अजून तीन जागा बाकी आहेत. त्या परत आत गेल्या, बराच वेळ शांतता, मग एकदाचा तो लांब आवाज आला. लोकसभा-विधानसभेच्या अनुभवावरून मी रांगेचा हिशेब केला होता आणि तो जेमतेम पुरला; चार मतांच्या प्रभागात प्रत्येक मतदाराला त्याहून जास्त वेळ लागतो, हे धरूनच तास मागायला हवेत. माझे मतदान एक वाजून बत्तीस मिनिटांनी झाले.

डिकी उघडून फोन पाहिला, त्यावर एकही कॉल नव्हता. रस्ता मोकळा होता, तरी विभागात पोचायला दोन वाजून तीन मिनिटे झाली. दादा कपडे न बदलता माझ्या रुग्णांपाशी उभे होते. त्यांनी दीडची आणि दोनची नोंद घेतली होती, एका रुग्णाचे बीपी घसरले म्हणून पाणी काढण्याचा वेग कमी केला होता, तेवढे सांगितले आणि निघाले. त्यांचेही मतदान अडीचच्या सुमारास झाले. मी हात धुतले, बोटावरची खूण पाहून एका रुग्णाने स्वतःचे बोट वर करून दाखवले, आणि मी पुढच्या नोंदीला लागले.

संध्याकाळी सिस्टरांनी हजेरीपटात ‘१२.२५ ते २.०३, मतदान सवलत’ अशी नोंद करून सही केली. जानेवारीच्या पगाराच्या पावतीत तरीही अर्धा दिवस बिनपगारी लागलेला होता. हजेरीच्या मशीनवर दुपारी बाहेर जाण्याचा आणि परत येण्याचा ठसा उमटला होता, आणि त्या प्रणालीत सवलत नावाचा रकानाच नसल्यामुळे तिने तो काळ गैरहजेरीत धरला होता. मी लेखी मंजुरीचा ईमेल आणि हजेरीपटाच्या पानाचा फोटो एचआरला पाठवला. कापलेली रक्कम फेब्रुवारीच्या पगारात परत आली, आणि पुढच्या निवडणुकीच्या वेळी ड्युटी लिस्ट लावण्याआधीच प्रत्येकाची मतदानाची वेळ विचारून घेऊ, असे सिस्टरांनी विभागाच्या वहीत लिहून ठेवले आहे.